अठ्ठ्याऐंशी टक्के एकमत

मराठीत बँकिंगच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या एका चॅटबॉटची उत्तरं तपासायचं काम आमच्याकडे होतं. दोन रेटर एकमेकींना न विचारता प्रत्येक उत्तरावर ‘चांगलं’ किंवा ‘वाईट’ अशी खूण करायच्या. पहिल्या 200 उत्तरांचा निकाल आला तेव्हा 176 ठिकाणी दोघींची खूण सारखी होती, म्हणजे 88 टक्के. बैठकीत सगळे खूश झाले आणि पुढची हजारो उत्तरं सुरू करायची परवानगी मागितली गेली. मी थांबायला सांगितलं.

कारण त्या 176 पैकी 172 उत्तरांना दोघींनी ‘चांगलं’ म्हटलं होतं. दोघींनीही ‘वाईट’ म्हटलेली उत्तरं फक्त 4 होती. उरलेल्या 24 मध्ये निम्मी एकीला वाईट वाटली होती, निम्मी दुसरीला. म्हणजे कुणीतरी एकीने तरी वाईट ठरवलेली 28 उत्तरं, आणि त्यांतल्या फक्त चारांवर दोघी सहमत. बॉटच्या चुका शोधण्यासाठी हे काम होतं, आणि नेमकं चुकांबाबतच एकमत नव्हतं.

जेकब कोहेन यांनी 1960 साली मांडलेला कप्पा हा आकडा नेमकं हेच उघडं पाडतो. दोघींनी उत्तर न वाचता, आपापल्या प्रमाणातच खुणा केल्या असत्या, तरी किती जुळल्या असत्या, हे तो आधी वजा करतो. इथे दोघींनीही 92 टक्के उत्तरांना ‘चांगलं’ म्हटलं होतं, त्यामुळे नुसत्या योगायोगानेच सुमारे 85 टक्के खुणा जुळल्या असत्या.

```
(0.88 − 0.853) / (1 − 0.853) ≈ 0.18
```

कप्पा 1 आला तर पूर्ण एकमत, 0 आला तर निव्वळ योगायोग. वाईट उत्तरं इतकी कमी असली की कप्पा तसाही खाली ओढला जातो, त्यामुळे एकट्या 0.18 वर मी निकाल दिला नसता. पण 28 पैकी 4 हा हिशेब त्याच दिशेला बोट दाखवत होता.

बैठकीत लगेच सूर निघाला, की दोघींपैकी एक नीट वाचत नाही, तिला बदला. मी ती 24 उत्तरं छापून घेतली आणि दोघींना समोर बसवून एकेक वाचायला लावलं. आपली खूण बदलायची नाही, फक्त कारण सांगायचं, एवढीच अट.

एका ग्राहकाने विचारलं होतं, पीपीएफमधून मुदतीआधी पैसे काढता येतात का. बॉटने सांगितलं होतं की सातव्या आर्थिक वर्षापासून काही रक्कम काढता येते. ते बरोबर आहे. पण शेवटी न विचारता एक वाक्य जोडलं होतं, की व्याजावर मात्र कर भरावा लागतो. ते साफ चूक आहे. पीपीएफचं व्याज करमुक्त असतं.

पहिली म्हणाली, “मॅडम, विचारलं त्याचं उत्तर बरोबरच आहे ना? मग वाईट कसं म्हणू?”

दुसरी म्हणाली, “आणि हे वाचून कोणी खातंच उघडलं नाही तर?”

दोघींनीही अगदी नीट वाचलं होतं. गाइडलाइनमध्ये एवढंच लिहिलं होतं: ‘उत्तर बरोबर आणि उपयुक्त असेल तर चांगलं.’ मूळ उत्तर बरोबर आणि जोडलेलं वाक्य चूक असेल तर काय करायचं, यावर तिथे अक्षरही नव्हतं. 24 पैकी 14 उत्तरं याच प्रकारची निघाली. माणूस बदलला असता तर नवा माणूसही त्याच खड्ड्यात पडला असता.

मग मी नियमांना क्रम दिला. आधी पाहायचं: वाचणारा ज्यावर विसंबून पैशाचा निर्णय घेईल असं एकही चुकीचं विधान आहे का? असेल तर उत्तर वाईट, मग ते विधान विचारलेलं असो वा नसो. नसेल तरच पुढे जाऊन पाहायचं, की प्रश्नाचं उत्तर मिळालं का. भाषा सगळ्यात शेवटी. प्रत्येक नियमाखाली काठावरची दोन उदाहरणं दिली, कारण ठळक उदाहरणांवर कुणाचं भांडण होतच नाही.

पुढची फेरी वेगळ्या उत्तरांवर घेतली, आणि वाईट असण्याची शक्यता असलेली मुद्दाम जास्त घातली. कप्पा 0.80 आला. ही सगळी उडी नव्या गाइडलाइनची नव्हे, हे मी अहवालात स्पष्ट लिहिलं. चांगल्या-वाईटाचं प्रमाण बदललं की कप्पाही बदलतो. मला भरवसा वाटला तो ‘बरोबर उत्तर, चुकीची पुरवणी’ या प्रकारातली उत्तरं वेगळी काढून पाहिल्यावर. तिथले मतभेद जवळजवळ संपले होते.

मग दोघींनी ‘चांगलं’ म्हटलेली काही उत्तरं बँकेत नोकरी केलेल्या एका सहकाऱ्याला दाखवली. एका उत्तरात पीपीएफची वार्षिक मर्यादा दोन लाख लिहिली होती. ती दीड लाख आहे. दोघींच्या नजरेतून ती सुटली होती, आणि कप्पामध्ये मात्र ते एकमत म्हणून जमा झालं होतं. त्या संध्याकाळी गाइडलाइनमध्ये आणखी एक ओळ चढली: रक्कम, व्याजदर किंवा मुदत दिसली की अधिकृत संकेतस्थळावर ताडून पाहा, आणि सापडलं नाही तर ‘पडताळता आलं नाही’ ही तिसरी खूण करा.