हिरड्यांवरचा काळेपणा

आज एका तरुण रुग्णाला ॲडिसनचा आजार असल्याचे निदान निश्चित झाले. कित्येक महिने चाललेला थकवा, घटणारे वजन आणि उभे राहताच येणारी चक्कर यांना अशक्तपणा मानले गेले होते. वर्ण काळवंडला तो उन्हामुळे, असेही सांगण्यात आले होते. पण ऊन हिरड्यांपर्यंत पोहोचत नाही, आणि काळेपणा हिरड्यांवर व तळहाताच्या रेषांमध्येही स्पष्ट दिसत होता.

रोगप्रतिकारशक्ती मूत्रपिंडांवर असलेल्या स्वतःच्याच अधिवृक्क ग्रंथींचा बाह्य भाग नष्ट करते, तेव्हा तेथे तयार होणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक घटते. ते वाढवण्यासाठी मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एसीटीएच हे संप्रेरक अधिकाधिक स्रवते आणि त्याच्या अतिरेकाने त्वचेतील रंगद्रव्य वाढते. त्याच भागात तयार होणारे अल्डोस्टेरॉन हे संप्रेरकही कमी पडल्याने मूत्रपिंडांना सोडियम राखता येत नाही आणि पोटॅशियम पुरेसे बाहेर टाकता येत नाही. येथे सोडियम १२४ पर्यंत घटलेले, तर पोटॅशियम ५.९ पर्यंत वाढलेले होते.

सकाळी रक्त घेऊन २५० मायक्रोग्रॅम कृत्रिम एसीटीएच टोचले व अर्ध्या आणि एका तासाने पुन्हा रक्त घेतले. निरोगी ग्रंथी कॉर्टिसॉल साधारणपणे १८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटरच्या वर नेतात. येथे ते ३ वरून जेमतेम ४ वर गेले. मूळचे एसीटीएच मात्र प्रचंड वाढलेले होते, म्हणजे दोष पीयूषिकेत नसून अधिवृक्क ग्रंथींतच होता. (रुग्ण अत्यवस्थ असता, तर चाचणीसाठी न थांबता आधी कॉर्टिसॉलची उणीव भरणारे हायड्रोकॉर्टिसोन आणि सलाईन द्यावे लागले असते.)

हायड्रोकॉर्टिसोन व अल्डोस्टेरॉनची उणीव भरणारे फ्लुड्रोकॉर्टिसोन आजच सुरू केले. ताप आल्यास हायड्रोकॉर्टिसोनची मात्रा वाढवायची आणि उलट्यांमुळे गोळी टिकत नसेल तर त्वरित इंजेक्शन घ्यायचे, हे मी घरच्यांना दोनदा समजावले.