निविदा अडली ती अनुभवाच्या दाखल्यापाशी

लोखंडी कपाटांच्या पुरवठ्याची शासकीय निविदा आम्ही भरली, तेव्हा नोंदणी, कर भरल्याचे दाखले आणि बयाणा रक्कम यांची जुळवाजुळव विनासायास झाली. अडले ते अनुभवाच्या दाखल्यापाशी, आणि ज्या कार्यालयाने तो रखडवला त्याच्यावरचा राग अजून गेलेला नाही.

पात्रतेची अट अशी होती की, अंदाजित रकमेच्या किमान 40 टक्के मूल्याचा एकच पुरवठा आदेश समाधानकारकरीत्या पूर्ण केलेला असावा. असा आदेश आमच्याकडे होता. परंतु जुन्या खरेदीदार कार्यालयाने दिलेल्या दाखल्यात आमच्या दोन आदेशांची रक्कम एकत्र मांडलेली होती आणि शेवटी केवळ ‘माल प्राप्त झाला’ एवढेच लिहिलेले होते. छाननी समिती कागदावर जे आहे तेच पाहते. एकत्रित रकमेवरून एकट्या आदेशाचे मूल्य कळत नाही आणि माल मिळाला म्हणजे तो पसंत पडला, असेही ठरत नाही. सुधारित दाखला मागितला, तेव्हा भांडार विभागाने लेखा विभागाकडे पाठवले, लेखा विभागाला जुनी नस्ती सापडेना, आणि ती सापडली तेव्हा सही करणारे अधिकारी दौऱ्यावर होते. ज्यांनी आमचा माल तपासून घेतला आणि देयकही चुकते केले, त्यांना एक वाक्य लिहून देण्यास इतका वेळ का लागावा? अखेर आम्हीच मसुदा तयार करून नेला. प्रत्येक आदेशासाठी स्वतंत्र पत्र, त्यात आदेश क्रमांक, दिनांक, नगसंख्या, मूल्य, पुरवठा पूर्ण झाल्याची तारीख आणि ‘पुरवठा समाधानकारक’ हे शब्द. त्यावर सही मिळाली. हा दाखला शेवटचे देयक सादर करतानाच मागावा, कारण त्या वेळी नस्ती टेबलावरच असते.

दरांचे काम त्यामानाने आमच्या हातातले होते. कपाटाचा उत्पादन खर्च 100 धरला, तर निरनिराळ्या ठिकाणी पोहोचवून उतरवण्याचे 6 आणि देयक तीन महिन्यांनी मिळेल असे धरून वार्षिक 12 टक्के दराने व्याजाचे सुमारे 3, म्हणजे नफ्याआधीच 109 होतात. सर्वांत कमी दराच्या मोहात हे 9 सोडून देणारा पुरवठादार काम मिळवूनही तोट्यात जातो. दर करासह मागितला आहे की करावेगळा, हे दरपत्रकातच पाहावे.

आणखी एक गोष्ट राहिली. अटीच्या अर्थाबद्दल शंका असल्यास ती निविदापूर्व बैठकीत लेखी मांडावी. तोंडी उत्तराचा छाननीत उपयोग नसतो, शुद्धिपत्रकात आलेले उत्तर मात्र निविदेचा भाग होते. आणि पात्रतेची कागदपत्रे असलेल्या तांत्रिक लिफाफ्यातल्या कोणत्याही कागदावर, अगदी सोबत जोडलेल्या माहितीपत्रकावरही, देऊ केलेला दर दिसता कामा नये. तो दिसल्यास दरांचा आर्थिक लिफाफा न उघडताच निविदा बाद होऊ शकते.