मोदकाच्या व्हिडिओचा ग्राफ

आज मोदकाच्या व्हिडिओचा रिटेन्शन ग्राफ, म्हणजे कुठल्या क्षणाला किती लोक बघत होते ते दाखवणारी रेषा, निवांत बघितला. पहिल्या ३० सेकंदांतली घसरण बहुतेक सगळ्यांचीच असते, खरी गोष्ट पुढे आहे, उकड मळायला घेतली तिथे रेषा खाली जाते आणि कळ्या पाडायला लागले की परत वर येते, म्हणजे ते लोक व्हिडिओ सोडून गेले नव्हते, पुढे ढकलून थेट कळ्यांवर आले होते! आणि तिथे चांगलं टेकाडच आलंय, लोक मागे नेऊन परत बघतायत. शेवटी 'चला तर मग' म्हटलं की रेषा कोसळते ती वर येतच नाही. आता करंज्यांच्या व्हिडिओत पीठ मळणं वीसेक सेकंदांत उरकायचं, मुरड मात्र एकदम जवळून, सावकाश दाखवायची, आणि पुढचा व्हिडिओ कुठला ते निरोपाच्या आधीच सांगायचं.