तुम्ही विचारलंत म्हणून : ऐंशी की शंभर?

«काका, नवीन इलेक्ट्रिक गाडी घेतली आहे. रोज ८० टक्क्यांवर थांबवायची की पूर्ण १०० करायची? शोरूमवाले एक सांगतात आणि ऑफिसातला मित्र दुसरंच सांगतो.»

बहुधा दोघेही आपापल्या गाडीपुरते खरे सांगत असावेत. आज रस्त्यावर दिसणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्यांत मुख्यतः दोन प्रकारच्या बॅटऱ्या असतात. एक निकेल, मँगनीज आणि कोबाल्टची, जिला एनएमसी म्हणतात. दुसरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, म्हणजे एलएफपी. एनएमसी असेल तर रोजच्या वापराला ८० टक्के पुरे, आणि १०० फक्त लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री करावे. एलएफपी असेल तर आठवड्यातून एकदा तरी घरच्या संथ चार्जरवर पूर्ण १०० करणे आवश्यक आहे. आपली बॅटरी कोणती हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत किंवा वॉरंटीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. ते पाहिल्याशिवाय कोणाचाही सल्ला ऐकू नये, माझाही.

माझी स्वतःची गाडी एलएफपीची आहे, बॅटरी ४० युनिटची. नागपुरातल्या प्रतापनगरहून बुटीबोरीला जाऊन-येऊन रोज साधारण ५५ किलोमीटर होतात आणि त्याला सात युनिट, म्हणजे १७-१८ टक्के लागतात. गाडी घेतल्यावर मीही कुठेतरी वाचून ८० टक्क्यांची मर्यादा लावून ठेवली होती आणि चार महिने ती त्याच्या वर चढूच दिली नाही. आपण बॅटरीची काळजी घेत आहोत, असे तेव्हा मनापासून वाटत होते.

मे महिन्यात अमरावतीला जाण्याचा योग आला. परतताना तिथल्या फास्ट चार्जरवर ७५ टक्के करून निघालो. महामार्गावरचा वेग आणि अखंड चालणारा एसी धरून किलोमीटरला सुमारे १६५ वॅट-तास लागत होते, म्हणजे दीडशे-एक किलोमीटरच्या त्या अंतराला साधारण ६४ टक्के. घरी पोहोचताना १० टक्के शिल्लक राहावेत असा हिशेब होता आणि कोंढाळीपर्यंत तो बरोबर चालला. तिथे पडद्यावर ३२ टक्के दिसत होते. पुढच्या पाच-सहा किलोमीटरांत तोच आकडा ३२ वरून २७, २७ वरून २२ आणि मग १८ वर आला. घर अजून ४५ किलोमीटर दूर होते. एसी बंद करून, काचा खाली करून, त्या भट्टीत ५० च्या वेगाने गाडी पुढच्या चार्जरपर्यंत नेली. सौ. काय म्हणाल्या ते येथे लिहीत नाही.

बॅटरी खराब झाली असावी, हाच विचार प्रथम मनात आला. पण ती ठणठणीत होती. चुकला होता तो गाडीचा अंदाज, आणि तो चुकायला माझी ८० टक्क्यांची शिस्त कारणीभूत होती.

हे समजून घ्यायला स्वयंपाकघरातला गॅसचा सिलिंडर पुरतो. सिलिंडर अर्धा असो की पाव, शेगडीची ज्योत तेवढीच असते. संपत आला की मगच ती मंदावते. ज्योतीकडे पाहून किती गॅस उरला हे सांगता येत नाही. एलएफपी सेलचे व्होल्टेज तसेच वागते. साधारण २० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत ते ३.३ व्होल्टच्या आसपासच राहते, आणि अगदी वरच्या टोकाला मात्र झपाट्याने ३.६ व्होल्टपर्यंत चढते. एनएमसी सेलचे व्होल्टेज चार्जबरोबर सतत वाढत जाते आणि पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट होते, म्हणून तिथे नुसते व्होल्टेज मोजून चार्ज किती हे बऱ्यापैकी कळते. एलएफपीत मधल्या सगळ्या पट्ट्यात तो मार्ग बंद असतो.

मग गाडी काय करते, तर आत किती वीज आली आणि बाहेर किती गेली याची वही मांडते. प्रवाह मोजणाऱ्या सेन्सरची चूक अगदी किरकोळ असते, पण ती रोज साठत जाते. ती चूक पुसण्याची खात्रीची जागा एकच, वरचे टोक. तिथे व्होल्टेज चढले की बॅटरीची नियंत्रण यंत्रणा ठामपणे म्हणू शकते की हे १०० टक्के, आता वही येथून पुन्हा सुरू. मी चार महिने तिला त्या टोकाला पोहोचूच दिले नाही. वही ३२ म्हणत होती आणि बॅटरीत खरे तर २० च्या आसपासच टक्के होते. खालच्या टोकाजवळ व्होल्टेज घसरू लागले, तेव्हा यंत्रणेला आपली चूक कळली आणि तिने पाच किलोमीटरांत ती माझ्यासमोर कबूल केली. टेस्ला आपल्या एलएफपी गाड्यांच्या मालकांना आठवड्यातून किमान एकदा १०० टक्के चार्ज करायला सांगते, त्यामागेही हेच कारण आहे.

वरच्या टोकाला आणखी एक काम होते. बॅटरीत शंभराच्या आसपास सेल एकामागोमाग जोडलेले असतात आणि त्यांतला एखादा हळूहळू इतरांच्या मागे-पुढे होतो. कोणता पुढे आणि कोणता मागे, हेही एलएफपीत वरच्या टोकालाच नीट दिसते. म्हणून पुढे गेलेल्या सेलमधली थोडी वीज उष्णतेच्या रूपात काढून बाकीच्यांना बरोबरीला आणण्याचे काम बहुतेक तिथेच होते. अमरावतीच्या प्रकारानंतर मी गाडीच्या यंत्रणेतले आकडे वाचणारे ओबीडी डोंगल लावून ते पाहिले. पूर्ण चार्ज होत आला तेव्हा सर्वांत वरचा सेल ३.६० व्होल्टवर होता आणि सर्वांत खालचा ३.४८ वर. पडद्यावर १०० दिसू लागल्यावरही चार्जर तासभर थोडा-थोडा प्रवाह देत राहिला. आणखी दोनदा पूर्ण चार्ज केल्यावर तो फरक ०.०३ व्होल्टवर आला. म्हणून १०० दिसताच प्लग काढण्याची घाई करू नये. गाडी स्वतः थांबेपर्यंत तो तसाच राहू द्यावा. हे काम घरच्या संथ चार्जरवरच करावे. फास्ट चार्जरवर ८० च्या पुढे वेग इतका उतरतो की शेवटच्या २० टक्क्यांना बरेचदा आधीच्या ५० इतका वेळ जातो, आणि मागे रांगेत उभा असलेला माणूस आपल्याला मनोमन काय म्हणत असतो ते निराळेच.

यावर कोणी विचारेल की मग एलएफपी रोजच १०० का करू नये. केली तर लगेच काही बिघडत नाही, पण नागपुरात मी ते टाळतो. भरलेल्या बॅटरीत ग्रॅफाइटचा ऋणाग्र लिथियमने पूर्ण भरलेला असतो. त्या अवस्थेत इलेक्ट्रोलाइटशी त्याची अभिक्रिया सुरू राहते, त्याच्यावरचा पातळ थर जाड होत जातो आणि त्यात थोडे लिथियम कायमचे अडकते. बॅटरीची क्षमता हळूहळू घटते, ती मुख्यतः यामुळे. एनएमसीत याच्या जोडीला उंच व्होल्टेजमुळे धनाग्राकडेही झीज होते, म्हणून तिला १०० टक्के अधिक महाग पडतात. उष्णता या सगळ्याला वेग देते. ढोबळ मानाने तापमान १० अंशांनी वाढले की अशा अभिक्रिया दुपटीच्या आसपास वेगाने होतात. नवतप्यात पारा ४५ च्या वर असताना उघड्या पार्किंगमध्ये दिवसभर उभी असलेली गाडी तिच्या पोटातल्या बॅटरीलाही भाजून काढते.

म्हणजे घात करते ते १०० ला पोहोचणे कमी आणि १०० वर तापत पडून राहणे जास्त. काल रात्री १०० करून पहाटे पाचला समृद्धीवर निघालेली एनएमसी गाडी दोन तासांत निम्म्यावर येते. तिचे काही बिघडत नाही. शुक्रवारी १०० करून सोमवारपर्यंत उन्हात ठेवलेली गाडी मात्र फुकट झिजते. म्हणून माझा पूर्ण चार्ज शनिवारी रात्री होतो आणि रविवारी सकाळी सहाच्या सुमारास संपेल अशी वेळ लावलेली असते. त्यानंतर बहुतेक रविवारी आमचे रामटेक, नाहीतर निदान भाचीचे घर ठरलेले असते, त्यामुळे दुपारच्या उन्हाआधी आकडा ७०-८० वर उतरलेला असतो. बाकीचे दिवस ५० ते ८० च्या मधे जातात.

काही गाड्यांत ८० ची मर्यादा लावण्याची सोयच नसते. तिथे घड्याळ लावावे. समजा बॅटरी ४० युनिटची आहे आणि आता ४० टक्के शिल्लक आहेत. ८० पर्यंत जायला १६ युनिट हवीत. वाटेतली दहा टक्के गळती धरून मीटरवर साडेसतरा पडतील. ७.२ किलोवॅटच्या चार्जरवर याला अडीच तास लागतात आणि ३.३ किलोवॅटच्या साध्या चार्जरवर सव्वापाच. पाच-सात टक्के इकडेतिकडे झाले तरी बिघडत नाही.

चिखलदऱ्याला मुक्काम असेल तर वरती १०० करून उतरू नये. भरलेल्या बॅटरीत वीज परत घ्यायला जागा नसते, त्यामुळे उतारावर वीज तयार करत गाडीला अडवणारा मोटरचा ब्रेक लागत नाही किंवा फारच कमी लागतो, आणि रोज एका पॅडलवर गाडी चालवायची सवय झालेल्या माणसाला पहिल्याच वळणावर गाडी थांबत कशी नाही असे वाटते. ८५-९० वर निघालात तर हा प्रश्न येत नाही, शिवाय घाट उतरता-उतरता थोडी वीज परत मिळते.

गेल्या आठवड्यात शेजारच्या जोशीकाकूंनी विचारले, त्या महिनाभर मुलाकडे बंगळुरूला जाणार आहेत, गाडी पूर्ण भरून ठेवू का? त्यांची एनएमसी आहे. मी सांगितले की ५० टक्क्यांवर ठेवा, शक्यतो सावलीत लावा आणि चार्जरचा प्लग काढून जा. त्या म्हणाल्या, ‘‘अहो, पण परत आल्यावर स्टेशनवरून घरी यायला गाडी भरलेली नको का?’’ गाडी घरीच असणार आहे हे त्यांच्या लक्षात यायला दोन मिनिटे लागली.