शिफारसपत्रात उशीर लिहावा का?

«ठेकेदाराने आमचं काम चांगलं केलं, पण उशीर केला. आता नवीन गिऱ्हाइकांना दाखवायला तो माझं पत्र मागतोय. काय लिहू?»

उशीर लिहा, पण कारणासकट. वेंगुर्ल्याकडच्या आमच्या होमस्टेच्या दोन खोल्या ज्यांनी बांधल्या, त्यांनीही असंच पत्र मागितलं होतं. "काकी, जरा बरां लिवा हां!" मी आधी विचारलं, दाखवणार कोणाला? तर किनाऱ्यावर जागा घेतलेल्या मुंबईच्या मालकांना. असा मालक कामावर रोज उभा राहू शकत नाही. 'मेहनती व प्रामाणिक' वाचून त्याला काही कळत नाही (तसं तर सगळेच असतात). छप्पर गळेल का, आगाऊ दिलेले पैसे याच कामाला लागतील का, आपल्या पाठीमागे काम बंद तर पडणार नाही ना, हे त्याला हवं असतं.

म्हणून मी असं लिहिलं:

"चिऱ्याच्या भिंती, लाकडी वासे-रिपांवर मंगलोरी कौलं, अशा दोन खोल्या यांनी बांधल्या. काम मार्च 2022 अखेर व्हायचं होतं, ते मेच्या मध्यावर झालं. शिमग्याला माणसं गावी गेल्याने काम थांबलं होतं. बाकीचा उशीर आम्ही न्हाणीघराची जागा बदलल्यामुळे झाला. छप्पर पावसाआधी पुरं झालं. पहिल्याच पावसाळ्यात पन्हळीच्या सांध्याशी गळलं, तेव्हा निरोप मिळताच येऊन त्यांनी पैसे न घेता दुरुस्त केलं. पुढच्या पावसाळ्यात गळलं नाही."

गळती लिहिली म्हणून ते आधी नाराज झाले. मला मात्र तीच ओळ सगळ्यात कामाची वाटते, कारण बिल चुकतं झाल्यावरही हा माणूस फोन उचलतो, हे तिच्यातून कळतं.

पैशांबद्दल एवढंच लिहिलं की जोतं, भिंती, छप्पर अशा टप्प्यांनी रक्कम दिली आणि वाढीव कामाचा खर्च त्यांनी हात लावण्याआधी सांगितला. एकूण आकडा घातला नाही. नवा मालक तोच धरून घासाघीस करतो, आणि तोवर चिऱ्याचे नि मजुरीचे दर वाढलेले असतात.

"स्लॅबची कामंही करतो, असं घाला," असं ते म्हणाले. ते मी टाळलं. आमच्याकडे स्लॅब नव्हता, आणि वायरिंगही दुसऱ्यांनी केलं होतं. हे दोन्ही पत्रात स्पष्ट केलं. उद्या कुणाचा स्लॅब ठिबकला, तर सही माझी असते.

कच्चा मजकूर आधी त्यांना वाचून दाखवला. मग तारीख, सही आणि त्यांना विचारून माझा फोन नंबर टाकला. खोल्या बघायला येणाऱ्याला मी पावसाळ्यातच बोलावते. तुमच्या ठेकेदाराचा उशीर मात्र असा असेल की तुम्ही स्वतः त्याला पुन्हा काम देणार नाही, तर गोलमोल पत्र देऊ नका. तोंडावर नाही म्हणून सांगा.