गेटजवळचा खांब अखेर लागला

काल संध्याकाळी आपल्या सोलर दिव्यांपैकी गेटजवळचा चार नंबरचा खांब आपोआप लागला आणि ठरल्याप्रमाणे पाच तासांनी मंदही झाला. बाकीचे तीन खांब केव्हाच मार्गी लागले होते, हाच अडून बसला होता. बॅटरी भरलेली, दिवा थेट जोडला की लखलखीत, कंट्रोलर बदलला तरी तेच.

धागा मिळाला तो वॉचमनकाकांकडून. ते म्हणाले, "साहेब, लाइट गेली की हा दिवा लागतो. लाइट आली की थोड्या वेळानं विझतो." म्हणजे विजेवर चालणारं काहीतरी आपल्या सोलरच्या दिव्याला अडवत होतं. शेजारच्या इमारतीच्या पार्किंगचा फ्लडलाइट! त्याचा झोत थेट आमच्या पॅनेलवर येतो.

पॅनेलवरून बॅटरीचं चार्जिंग आणि दिवा सांभाळणाऱ्या आपल्या साध्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरला वेगळा सेन्सर नसतो, पॅनेलचं व्होल्टेज पाहूनच तो दिवसरात्र ठरवतो. माझ्याकडचा पाच व्होल्टच्या खाली अंधार समजतो. रात्री पॅनेलच्या वायरी सोडवून मीटर लावला तर साडेआठ व्होल्ट! पॅनेलवर गोणपाट टाकलं की एक व्होल्टसुद्धा नाही. पॅनेलचा करंट प्रकाशाच्या प्रमाणात घटतो, पण काही भार नसताना व्होल्टेज तसं घटत नाही, जराशा उजेडातही ते बरंच वर राहतं. त्याच उजेडात शॉर्ट करून मोजलेला करंट जेमतेम दोन मिलिअँपिअर निघाला. एवढ्या करंटनं चार्जिंग काय होणार, पण कंट्रोलरला दिवस वाटायला तो पुरेसा आहे.

उजेड ओळखणारा एलडीआरचा वेगळा सेन्सर लावायचा विचार होता, पण तो पावसाळ्यात भरदुपारी काळोखून आलं की दिवा लावतो, आणि स्वतःच्या दिव्याचा उजेड त्याच्यावर पडला की चालूबंद सुरू होतं. म्हणून पॅनेलच्याच दोन टोकांना एक किलोओहमचा रेझिस्टर आडवा जोडला. दोन मिलिअँपिअर त्यातून गेले की व्होल्टेज दोनच्या वर जात नाही, कंट्रोलरला रात्र दिसते. दिवसा अठरा व्होल्टला त्यात अठरा मिलिअँपिअर, म्हणजे पाव वॅटहून थोडंसंच जास्त वाया जातं. ६० वॅटच्या पॅनेलला ते काहीच नाही. तपकीर गल्लीतून एक वॅटचा घेतला, म्हणजे तापायची चिंता नाही. पहाटे दिवा किंचित उशिरा विझतो, तेही चालेल. तुमच्याकडे असं झालं तर आधी रात्रीचा शॉर्ट करंट मोजा आणि त्यावरून रेझिस्टर ठरवा. झोत फारच जवळ असेल तर मात्र पॅनेलच हलवावं लागेल.

आता मागच्या वेळच्या हिशेबातला बदल. तेव्हा ४० वॅटचं पॅनेल आणि ३० एएचची एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटची, बॅटरी ठरवली होती, ती जोडी मी रद्द केली. आपला दिवा १५ वॅटचा, पाच तास पूर्ण आणि पुढे तीस टक्के. जुलैतली रात्र अकरा तासांची धरली तर १०२ वॅटअवर लागतात, ड्रायव्हरचा तोटा धरून बॅटरीतून ११३. पुण्यात जुलैमध्ये सरासरी चार तासांइतकं पूर्ण ऊन धरा, आणि पीडब्ल्यूएम, धूळ, उष्णता मिळून पॅनेलच्या आकड्याचे पासष्ट टक्के. ४० वॅटचं पॅनेल दिवसाला १०४ देतं. म्हणजे झड नसतानाही रोज थोडी तूटच, मग बॅटरी कितीही मोठी घ्या, ती भरणार कशी? ६० वॅटचं पॅनेल १५६ देतं. झडीच्या दिवशी दीड तासाचं ऊन मिळालं तरी ५८ येतात, तूट ५५ची राहते, आणि २४ एएचच्या बॅटरीतले वापरायचे २४५ वॅटअवर चार दिवस सहज तग धरतात. ऊन परतलं की ती पुन्हा भरतेही. पावसाळ्याच्या गावात पैसे पॅनेलवर घालावेत, असं माझं ठाम मत झालंय. आणि ते "१०० वॅट" छापलेले सगळं एकत्र असलेले दिवे घेऊ नका. मागचं पॅनेल वहीएवढं असेल तर रात्रभर चालणारा शंभर वॅटचा उजेड येणार कुठून?

मागच्या बाजूच्या पाच नंबरच्या खांबाच्या जागेवर आंब्याची सावली आहे. तिथे उंच खांब घ्यायचं ठरलं होतं, पण हे लिहिता लिहिता वाटतंय की पॅनेल पार्किंगच्या शेडवर टाकून १५ मीटर वायर ओढावी. ४ चौरस मिमीच्या वायरीत सव्वातीन अँपिअरला अर्धा व्होल्टही पडत नाही, आणि पॅनेल अठराचं, बॅटरी बाराची असल्यानं पीडब्ल्यूएमला तो जाणवणारही नाही. कंट्रोलर आणि बॅटरी मात्र खांबावरच, दिव्याजवळ. शेडवर फ्लडलाइटचा झोतही पोचत नाही. उद्या अंधार पडल्यावर तिथे मीटर लावून खात्री करतो आणि मग सेक्रेटरींकडे वायरीचे पैसे मागतो.