बुधवारचा फोन आणि मध्यरात्रीची गाडी

यजमान चाकणच्या कारखान्यात आणि मी जळगाव तालुक्यातील शाळेत शिक्षिका, अशी आमची दोन बिऱ्हाडे झाल्याला तीन वर्षे होत आली. पहिल्या वर्षी ते दर आठवड्याला येत. पुष्कळदा आरएसीच्या अर्ध्या बाकावर रात्र काढून आलेला माणूस शनिवारी दुपारपर्यंत झोपून राही, उरलेला वेळ बँक आणि दुरुस्त्यांत जाई आणि रविवारी बॅग भरताना आमचे हमखास भांडण होई. आठवडाभर मनात साठलेले सारे आम्ही त्या शेवटच्या दोन तासांत बाहेर काढत होतो, हे समजायला मला फार उशीर लागला.

मग आम्ही दोन गोष्टी बदलल्या. येणे पंधरा दिवसांनी ठरवले आणि पैसे, दुरुस्ती, सासूबाईंची औषधे हे विषय बुधवारी रात्री नऊच्या फोनवर संपवायचे ठरवले. मी वही घेऊन बसते, ते तिकडे डबा उघडून बसतात. पहिले काही बुधवार अगदी कोरडे गेले, पण नंतर हिशेब संपल्यावरही फोन चालू राहू लागला. इतर दिवशी दहाच मिनिटे बोलतो आणि त्यात कामाचा विषय काढत नाही.

तिकिटाचे काम माझ्याकडे आहे. 1 नोव्हेंबर 2024 पासून आगाऊ आरक्षणाची मुदत 120 दिवसांवरून 60 दिवसांवर आली. प्रवासाचा दिवस सोडून मोजले, तर पुण्याहून शुक्रवारी रात्री निघणाऱ्या गाडीचे आरक्षण आठ आठवडे आणि चार दिवस आधीच्या सोमवारी सकाळी आठला उघडते. परतीची गाडी आमच्या स्थानकावर रात्री बारानंतर येते. एकदा मी रविवारची तारीख टाकली, म्हणजे ती गाडी शनिवारच्याच मध्यरात्री निघून गेली होती. फलाटावरून त्यांचा फोन आला, "अगं, यादीत माझं नावच नाही." दुसऱ्या दिवशीची त्यांची पाळी बुडाली. त्या दिवसापासून मी तिकिटावरील तारखेसोबत वारही कॅलेंडरवर लिहिते आणि ते मला वाचून दाखवतात.

आता शनिवारी सकाळची शाळा सुटते तेव्हा ते फाटकाशी मोटारसायकल घेऊन उभे असतात. हिवाळ्यात घरी काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचे भरीत आणि कळण्याची भाकरी होते. वांगी ठेचण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले आहे, आणि बडगीत ती ठेचताना ते कारखान्यातील जे सांगतात, ते फोनवर कधीच सांगत नाहीत.

श्रावणात कानबाई रविवारी बसते आणि सोमवारी तिचे विसर्जन असते. त्यामुळे त्या खेपेला त्यांना सोमवारची रजा लागते आणि परतीचे तिकीट मंगळवारच्या तारखेचे काढावे लागते. कॅलेंडरवर तो मंगळवार मी लाल शाईने गोल करून ठेवला आहे.